विसरलेली प्लेट क्र. ४ : प्रकल्प नोंदी

एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, दुसरे वर्ष. परभणी.

१३ डिसेंबर २०२४, शुक्रवार

पहिल्या वर्षाच्या कॉलनी मोजण्याच्या प्रॅक्टिकलसाठी सहा प्लेट टाकल्या. जिवाणू वाढवायचं थिजलेलं माध्यम, न्यूट्रिएंट अगर, प्रत्येकी २० मि.लि., ९० मि.मी.च्या काचेच्या प्लेट. जिवाणू स्टॅफिलोकॉकस ऑरियस, विभागातलं जुनं कल्चर. पेनिसिलिनची डिस्क लावली की दबतं, हे मागच्या सत्रात बघितलेलं आहे. पातळ केलेल्या कल्चरचे ०.१ मि.लि. काचेच्या वाकड्या कांडीनं पसरवले, म्हणजे प्लेटभर शे-दीडशे सुट्या कॉलनी याव्यात.

गाळलेल्या हवेच्या लॅमिनार कपाटाचा पंखा बंद आहे. बर्नरजवळ काम केलं.

प्लेट पॉलिथिनच्या पिशवीत घालून, उलट्या करून संध्याकाळी ५ वाजता इन्क्युबेटरमध्ये. रजिस्टरला नोंद: ३७ अंश, २४ तास. उद्यापासून थिअरी परीक्षा, लॅब बंद.

३० डिसेंबर, सोमवार

लॅब उघडली. सहा प्लेट इन्क्युबेटरमध्ये तशाच राहिल्या होत्या. सतरा दिवस. पिशवीमुळे अगर वाळलेला नाही, कडेला थोडा आक्रसलाय इतकंच. पाच प्लेट ऑटोक्लेव्हच्या बादलीत टाकल्या. चौथी टाकायला उचलली ती उजेडात धरल्यावर थांबवली.

प्लेट क्र. ४. घड्याळात दोनचा आकडा जिथे असतो तिथे, कडेपासून बोटभर आत, बुरशीची एक कॉलनी. व्यास २४ मि.मी. मधला भाग निळसर हिरवा, मखमलीसारखा, कडेला दोन मि.मी.ची पांढरी किनार. वर पिवळसर द्रवाचे बारीक थेंब, मोहरीपेक्षा लहान. खालून पाहिलं तर अगर त्या जागी पिवळा झालाय.

बुरशी लागलेल्या प्लेट या लॅबमध्ये दर आठवड्याला निघतात, त्यात नवल नाही. नवल जिवाणूंचं. बुरशीपासून लांब, प्लेटच्या खालच्या अर्ध्यात, कॉलनी नेहमीसारख्या आहेत: दोन मि.मी., गोल, फुगीर, सोनेरी, अपारदर्शक. बुरशीच्या जवळ येऊ लागलं की त्या लहान होतात. आणि बुरशीच्या कडेपासून ८-९ मि.मी.च्या आत ज्या आहेत त्यांच्यातून खालच्या कागदावरची छापील अक्षरं दिसतात. कॉलनीचा आकार आहे, कड आहे, पण आत काही नाही. तेलाचा थेंब कागदावर पडून सुकला की जसा डाग राहतो तसा.

म्हणजे तिथे कॉलनी आलीच नाही असं नाही. आली आणि नंतर विरघळली.

प्लेट उघडली नाही. झाकणाच्या कडेनं टेप लावला, खालून आणि वरून फोटो काढले, ट्रेसिंग पेपरवर प्रत्येक कॉलनीची जागा उतरवून घेतली. बुरशी आणखी वाढू नये म्हणून फ्रीजमध्ये, ४ अंशाला.

मॅडमचा शेरा: *आधी हे लिही की बुरशीचा संबंध नसतानाही असं कशामुळे दिसू शकतं. मग पुढे जा.*

३१ डिसेंबर, मंगळवार

शेऱ्याप्रमाणे.

एक, पसरवताना त्या भागात कल्चर कमी पडलं असेल. पण मग कॉलनी विरळ दिसल्या असत्या, पारदर्शक नाही. ट्रेसिंगवर मोजलं: बुरशीजवळच्या पट्ट्यात दर चौरस सें.मी.ला जितक्या कॉलनी, तितक्याच लांबच्या भागात. हे बाद.

दोन, बुरशीनं अन्न खाऊन टाकलं. अन्न संपलं तर कॉलनी लहान राहते, विरघळत नाही. बाहेरच्या वर्तुळातल्या लहान कॉलनींना हे कारण लागू पडेल, आतल्या काचेसारख्यांना नाही.

तीन, बुरशीनं अगर आंबट केला. हे तपासता येतं. प्लेट बर्नरजवळ अर्धा मिनिट उघडून बुरशीच्या कडेपासून ५ मि.मी.वरचा अगरचा तुकडा काढला, पीएच पट्टीवर दाबला. ७ ते ७.५. लांबचा तुकडाही तेवढाच. बाद.

चार, काहीतरी बुरशीतून अगरमध्ये झिरपतंय आणि जिवाणूंना फोडतंय.

त्याच वेळी काचेसारख्या चार कॉलनींवर लूप फिरवून नव्या प्लेटवर स्ट्रीक केल्या, ३७ अंशाला. लांबच्या चार कॉलनींच्याही. जिवाणू मेलेत की नुसते अडकलेत, हे बघण्यासाठी. अडकलेले असतील तर नव्या अगरवर उठतील.

एका काचेसारख्या कॉलनीची ग्रॅम स्टेन केली. नेहमीच्या कॉलनीत द्राक्षाच्या घडासारखे जांभळे गोळे खच्चून भरलेले असतात. इथे क्षेत्रभर शोधून थोडेच सापडले, फुगलेले, निम्मे गुलाबी. बाकी चुरा. ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणू गुलाबी दिसला म्हणजे भिंत फाटली आणि जांभळा रंग धरून ठेवायला काही उरलं नाही.

१ जानेवारी २०२५, बुधवार

कालच्या स्ट्रीक. लांबच्या चारही कॉलनींतून भरभरून वाढ. काचेसारख्या चारांपैकी तीन कोऱ्या, एकीत सात कॉलनी. म्हणजे बहुतेक मेलेले, थोडे तग धरून.

बुरशी शुद्ध करायला घेतली. पहिली चूक इथेच होते: बुरशीच्या कडेवरून सुई लावली की सोबत जिवाणू येतात, आणि मग पुढचे सगळे प्रयोग त्या मिसळीवर होतात. म्हणून बटाटा-डेक्स्ट्रोज अगर, ऑटोक्लेव्हनंतर १० टक्के टार्टरिक आम्लानं पीएच ३.५ केलेला. त्यात बुरशी वाढते, हे जिवाणू नाही. आम्ल ऑटोक्लेव्हच्या आधी घालायचं नाही. आम्लात तापलेला अगर घट्ट होत नाही, खळ होऊन बसतो.

बीजाणू कोरडे आणि हलके असतात, पाण्याला धरत नाहीत. सुई आधी ०.०५ टक्के ट्वीन ८० या साबणासारख्या द्रावणात बुडवली, मग कॉलनीच्या मध्याला टेकवली. नवी प्लेट उलटी धरून खालून वर टोचली, तीन ठिकाणी. सरळ ठेवून टोचलं तर बीजाणू उडून प्लेटभर तीस कॉलनी येतात.

ठेवायच्या जागेचा प्रश्न. कमी तापमान राखणाऱ्या बीओडी इन्क्युबेटरचा कॉम्प्रेसर गेलाय. पण दिवस थंडीचे आहेत आणि लॅब तळमजल्यावर, दगडी, उत्तरेकडची. थर्मामीटर टेबलावर ठेवला: सकाळी १७, दुपारी २०. हेच आमचं बीओडी.

७ जानेवारी, मंगळवार

शुद्ध कल्चर मिळालं. एकाच रंगाच्या, एकाच पोताच्या तीन कॉलनी. लॅक्टोफेनॉल कॉटन ब्लूमध्ये स्लाइड: उभा दांडा, त्याच्या टोकाला फांद्या, फांद्यांवर बाटलीच्या आकाराच्या पेशी, त्यांच्यावर बीजाणूंच्या माळा. केरसुणी उलटी धरावी तसं. पेनिसिलियम, एवढं नक्की. जात कोणती हे स्लाइडवरून ठरत नाही, त्याला डीएनए वाचावा लागेल. अहवालात "पेनिसिलियम, जात अनिश्चित" असंच जाईल. पेनिसिलियमच्या शेकडो जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जाती पेनिसिलिन बनवतच नाहीत.

तिरप्या थिजवलेल्या अगरवर स्लँट करून चार ट्यूब फ्रीजमध्ये.

८ जानेवारी, बुधवार

आता जे दिसलं ते मुद्दाम करून बघायचं. रजिस्टरप्रमाणे क्रम असा: जिवाणू पसरवले, ३७ अंशाला २४ तास, नंतर कधीतरी बुरशी आली. तसंच केलं. पाच प्लेट, स्टॅफिलोकॉकस ३७ अंशाला २४ तास. टपोऱ्या सोनेरी कॉलनी आल्या.

९ जानेवारी, गुरुवार

पाचही प्लेटमध्ये कडेजवळ एकेक टोचा, बुरशीचा. टेबलावर, १७ ते २० अंश.

१६ जानेवारी, गुरुवार

सात दिवस. बुरशी छान, १५ ते १७ मि.मी., हिरवी. जिवाणूंच्या कॉलनींना काहीही झालेलं नाही. बुरशीच्या पांढऱ्या किनारीला चिकटून असलेल्या कॉलनीही सोनेरी, भरीव. दोन तर बुरशीनं अर्ध्या झाकल्यात आणि उघड्या अर्ध्यात तशाच आहेत.

तीन कॉलनी स्ट्रीक केल्या.

१७ जानेवारी, शुक्रवार

तिन्ही भरभरून वाढल्या. मेलेलं कोणी नाही.

पहिला संशय बुरशीवर: शुद्ध करताना भलतीच बुरशी उचलली का? मूळ प्लेटशी ताडून पाहिलं. रंग, खालचा पिवळा, थेंब, केरसुणी सगळं तेच. आम्लाच्या माध्यमात ठेवल्यानं तिचा गुण गेला का? मूळ प्लेटवरून थेट टोचून पुन्हा तपासता येईल, पण एका वाढीत असं होणं पटत नाही.

दुसरा संशय रजिस्टरवर. २४ तास ३७ अंशाला राहिलेली प्लेट असेल तर कॉलनी पूर्ण वाढलेल्या असायला हव्यात. मूळ प्लेटवर मात्र काचेसारख्या कॉलनी लांबच्या कॉलनींपेक्षा लहान आहेत, एक मि.मी. किंवा कमी. म्हणजे त्या पूर्ण वाढायच्या आतच मेल्या. चोवीस तास ३७ अंशाला राहिल्या असत्या तर एवढ्याशा कशा राहतील?

इन्क्युबेटरजवळ लॅब सांभाळणारे मामा पुसत होते. त्यांना विचारलं, परीक्षेच्या काळात लाइट गेली होती का.

"लाइट नाही गेली, मीच पाडला ना मेन. शुक्रवारी साडेपाचला. पंधरा दिस कामून चालू ठेवायचं? मागं एकदा शॉर्ट झालतं."

पाच वाजता प्लेट आत, साडेपाचला मेन बंद. इन्क्युबेटर तासा-दोन तासांत खोलीच्या तापमानाला आलं असणार. म्हणजे त्या प्लेट ३७ अंशाला २४ तास नव्हत्याच. त्या सतरा दिवस १७ ते २० अंशाला होत्या आणि पहिल्याच संध्याकाळी, प्लेट टाकताना, हवेतला बीजाणू आत पडलेला होता.

रजिस्टरमध्ये खालून दुरुस्ती: "प्रत्यक्षात: खोलीचं तापमान."

मॅडमचा शेरा: *आता चार संच लाव. एका वेळी एकच गोष्ट बदल.*

२० जानेवारी, सोमवार

चार संच, प्रत्येकी तीन प्लेट, तेच अगर, तेच कल्चर, तोच ०.१ मि.लि.

अ: आज फक्त बुरशी टोचली, टेबलावर. पाच दिवसांनी उरलेल्या भागावर जिवाणू पसरवून ३७ अंशाला २४ तास.

आ: आज जिवाणू, ३७ अंशाला २४ तास. उद्या बुरशी टोचून टेबलावर. (जुन्या प्रयोगाची पुनरावृत्ती.)

इ: आज दोन्ही एकदम, ३७ अंशाला.

ई: आज दोन्ही एकदम, टेबलावर.

अ मध्ये पसरवताना कांडी बुरशीला लागता कामा नये. लागली तर बीजाणू ओल्या कल्चरबरोबर प्लेटभर पसरतात. बुरशीपासून एक सें.मी. सोडून कल्चर टाकायचं आणि तिच्या दिशेनं हलक्या हातानं न्यायचं.

२४ जानेवारी, शुक्रवार

इ संच: जिवाणू पहिल्याच दिवशी पूर्ण वाढले. बुरशी टोचल्या जागी चार दिवसांनंतरही पांढरट ठिपका, २ मि.मी. ३७ अंश तिला सोसत नाही.

ई संच: तिसऱ्या दिवशी जिवाणू टाचणीच्या टोकाएवढे. बुरशी आज ८ मि.मी., पांढरी, मध्याला हिरवी छटा. अजून परिणाम नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

अ संच (२५ तारखेला जिवाणू पसरवले, २६ला पाहिले): बुरशीभोवती स्वच्छ पट्टा, कडेपासून १० ते ११ मि.मी. त्यात काहीच नाही. कॉलनी उगवल्याच नाहीत. पट्ट्याची सीमा एकदम ठळक. हे काम करतंय, पण हे मूळ प्लेटसारखं दिसत नाही: तिथे भुतासारख्या कॉलनी होत्या, इथे कोरी जागा.

आ: पुन्हा काही नाही.

इ: काही नाही.

ई: आज सकाळी, आठव्या दिवशी, बुरशी १८ मि.मी. तिच्या जवळच्या कॉलनी पारदर्शक होऊ लागल्यात. सगळ्या एकदम नाही. सर्वांत जवळच्या चार पूर्ण काचेसारख्या, त्यांच्या मागच्या रांगेतल्या मधोमध अपारदर्शक आणि कडेला विरळ. म्हणजे कॉलनी कडेकडून मरतेय. कॉलनीची कडच वाढत असते, मधला भाग जुना आणि शांत असतो. जे वाढतंय ते फुटतंय.

तिन्ही ई प्लेटमध्ये हेच. मूळ प्लेट परत आली.

मॅडमचा शेरा: *आता आ आणि ई यांतला फरक एका परिच्छेदात लिही. सगळा प्रकल्प त्या परिच्छेदात आहे.*

२९ जानेवारी, बुधवार

परिच्छेद.

जिवाणूची भिंत जाळीसारखी असते. वाढताना जिवाणू स्वतःच ती जाळी जागोजागी कापतो आणि नवे तुकडे गुंफतो. पेनिसिलिन गुंफणाऱ्या एन्झाइमना धरून ठेवतं. कापणारे एन्झाइम चालूच राहतात. आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, म्हणून भिंत झिरझिरीत झाली की पेशी फुटते. जो जिवाणू वाढतच नाही तो कापतही नाही आणि गुंफतही नाही, त्याला पेनिसिलिन असून नसून सारखं. आ संचात बुरशी माल बनवायला लागेपर्यंत जिवाणू वाढून थांबलेले होते. ई संचात १७ ते २० अंशाला जिवाणू रेंगाळत वाढत होते, बुरशी तिच्या सोयीच्या तापमानात होती आणि तिचा माल अगरमध्ये उतरला तेव्हा जिवाणू अजून वाढत होते. म्हणून कॉलनी दिसण्याइतकी झाली आणि मग फुटली. अ संचात माल आधीच तयार होता, म्हणून कॉलनी दिसण्याइतकी झालीच नाही.

हे पेनिसिलिनच आहे हे अजून सिद्ध नाही. परिच्छेदात तो शब्द पुढच्या प्रयोगाच्या भरवशावर वापरलाय.

मॅडमनी वाचून मग सांगितलं की अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या १९२८ सालच्या प्लेटची अडचण हीच होती. सप्टेंबरमध्ये सुट्टीवरून आल्यावर लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात त्यांनी ती पाहिली, पण नंतर लोकांनी वाढलेल्या कॉलनींजवळ बुरशी लावून बघितलं तर काही होईना. जिवाणूशास्त्रज्ञ रोनाल्ड हेअर यांनी पुढे त्या उन्हाळ्यातल्या लंडनच्या तापमानाच्या नोंदी काढल्या: सुट्टीच्या सुरुवातीला काही दिवस गारवा होता, मग उष्मा आला. प्लेट इन्क्युबेटरमध्ये न जाता टेबलावर राहिली असेल तरच तो क्रम जुळतो. हे आधी का सांगितलं नाही, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू मामांना विचारलं नसतंस."

३ फेब्रुवारी, सोमवार

द्रव माध्यम. झॅपेक-डॉक्स, वर ०.५ टक्के यीस्ट एक्स्ट्रॅक्ट. २५० मि.लि.च्या फ्लास्कमध्ये फक्त ५० मि.लि., कारण बुरशी पृष्ठभागावर साय धरते आणि तिला हवा लागते. जास्त भरलं तर साय तेवढीच, खालचं पाणीच वाढतं. दहा फ्लास्क, हलवायचे नाहीत. हलवले की साय बुडते आणि वर नवी धरेपर्यंत दोन दिवस जातात.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दर दोन दिवसांनी दोन फ्लास्क उपसले. व्हॉटमन क्र. १ कागदातून गाळून, मग ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून. तपासणी: स्टॅफिलोकॉकस पसरवलेल्या प्लेटमध्ये कॉर्क बोररनं ८ मि.मी.ची विहीर, त्यात १०० मायक्रोलिटर, एक तास फ्रीजमध्ये (द्रव अगरमध्ये शिरायला वेळ मिळावा म्हणून), मग ३७ अंशाला रात्रभर. झोन, म्हणजे विहिरीभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ, विहिरीसकट मोजले.

चौथा दिवस: झोन नाही. सहावा: ११ मि.मी. आठवा: १७. दहावा: १९. बारावा: १५, आणि पीएच ७.९. साखर संपली की बुरशी माध्यम अल्कधर्मी करत नेते आणि पेनिसिलिन अल्कात टिकत नाही. आम्लातही नाही. म्हणून दहाव्या दिवशीच काढायचं.

न वापरलेलं माध्यम, त्याच पीएचला आणून: झोन नाही. १० युनिटची पेनिसिलिन डिस्क: ३४ मि.मी. एशेरिकिया कोलायच्या प्लेटवर आमचा गाळलेला द्रव: झोन नाही. त्याच्या भिंतीबाहेर आणखी एक पडदा असतो, मूळ पेनिसिलिन तो फारसा ओलांडत नाही. झोन आला असता तर भलत्याच बुरशीविषाचा संशय घ्यावा लागला असता.

दोन बिघाड. सहाव्या दिवसाचा पहिला नमुना फक्त कागदातून गाळला होता. दोन दिवसांनी विहिरीतून हिरवी बुरशी उगवली. आणि आठव्या दिवसाचा अर्धा नमुना निर्जंतुक करण्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये घातला, १२१ अंश, १५ मिनिटं. झोन पूर्ण गेला. चूक होती, पण माहिती मिळाली: पदार्थ उष्णतेनं मोडतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पेनिसिलिनच का, याची तपासणी. बॅसिलस सेरियस हा जिवाणू पेनिसिलिन फोडणारं एन्झाइम माध्यमात सोडतो. त्याचं रात्रभराचं ब्रॉथ ५,००० आरपीएमला १० मिनिटं फिरवून वरचा द्रव घेतला, ०.२२ मायक्रॉनमधून गाळला. आमचा दहाव्या दिवसाचा द्रव ०.५ मि.लि. आणि हा ०.५ मि.लि., ३७ अंशाला ३० मिनिटं, मग विहिरीत.

झोन नाहीसा.

पण हे एकटं पुरत नाही, कारण सेरियसचा द्रव काहीही निकामी करत असेल. म्हणून सोबत: (क) आमचा द्रव आणि तेवढंच साधं ब्रॉथ: झोन १५ मि.मी., नुसता पातळ झाल्यामुळे घटलेला. (ख) स्ट्रेप्टोमायसिनचं द्रावण आणि सेरियसचा द्रव: झोन शाबूत, म्हणजे सगळंच निकामी होत नाही. (ग) आमचा द्रव आणि मारलेला सेरियसचा द्रव: झोन शाबूत.

(ग) पहिल्यांदा फसलं होतं. सेरियसचा द्रव दहा मिनिटं उकळला तरी झोन आला तो अगदी लहान. सेरियसच्या एन्झाइमपैकी एक जस्त धरणारं आहे आणि ते उष्णतेला चिवट म्हणून ओळखलं जातं. उकळण्याऐवजी ऑटोक्लेव्ह केल्यावर मेलं.

आता २९ जानेवारीच्या परिच्छेदातला शब्द खोडायची गरज नाही. पेनिसिलिन गटातला पदार्थ, एवढं लिहिता येईल. नेमकं कोणतं पेनिसिलिन हे या साधनांनी कळत नाही, आणि शुद्धही केलेलं नाही. गाळलेल्या द्रवात बुरशीनं सोडलेलं बाकी सगळं आहे. पहिल्या वर्षाच्या एका मुलानं विचारलं, जखमेवर लावून बघायचं का. नाही. उरलेला द्रव ऑटोक्लेव्ह करून ओतला.

११ एप्रिल, शुक्रवार

बाहेरच्या परीक्षकांना ई संच प्रत्यक्ष दाखवायचा होता, म्हणून ३ तारखेला लावला. काही नाही. खोलीत दुपारी ३८, पहाटे ३१. बुरशी तीन मि.मी.वर अडकली, जिवाणू एका दिवसात पूर्ण. दोन प्लेटमध्ये उलट काळी अॅस्परजिलस बुरशी घुसली. तिला हा उकाडा मानवतो. जानेवारीत टेबलावर फुकट होणारा प्रयोग एप्रिलमध्ये होत नाही.

मामांनी तोडगा काढला. मोठा रांजण, आत लहान माठ, मध्ये वाळू, वाळू ओली, वर ओलं गोणपाट. प्लेट स्टीलच्या डब्यात, डबा टेपनं बंद, डबा माठात. डबा उघडा ठेवला तर आतल्या ओलाव्यानं झाकणावर पाणी धरतं आणि थेंब अगरवर पडून कॉलनी एकमेकींत मिसळतात.

२१ एप्रिल, सोमवार

माठातलं तापमान दहा दिवस लिहिलं. बाहेर ३८ ते ४०, आत २६ ते २७. हवा कोरडी म्हणून एवढं उतरतं. १७ तारखेला अवकाळी पाऊस आला, हवा दमट झाली, त्या दिवशी आत ३०.

अ संच (बुरशी आधी, पाच दिवस माठात, मग जिवाणू ३७ अंशाला): तिन्ही प्लेटमध्ये स्वच्छ पट्टा, ८ ते ९ मि.मी.

ई संच (दोन्ही एकदम, माठात): बुरशी २० मि.मी., जिवाणू तिच्या कडेपर्यंत भरीव. २६ अंशाला जिवाणू दोन दिवसांत वाढून मोकळे होतात, बुरशीचा माल उतरायच्या आत. भुतासारख्या कॉलनी हव्या असतील तर २० अंशाखालीच.

परीक्षकांना अ संच आणि मूळ प्लेट क्र. ४ दाखवायची. मूळ प्लेट फ्रीजमधून अर्धा तास आधी काढून ठेवणे, नाहीतर झाकण धुरकटतं आणि काचेसारख्या कॉलनी दिसत नाहीत. माठाला पाणी सकाळ-संध्याकाळ: मामा.